उभं राहून बीपी मोजा

मेमध्ये सुट्टीला केशोरीला गेलो होतो. पहाटे फजरच्या वेळी अब्बा खाटेवरून उठले, दोन पावलं चालले आणि दाराला धरून खाली बसले. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाले. मिनिटभरात सगळं ठीक झालं. अम्मी म्हणाली, "रोजचंच आहे, कमजोरी आहे. परवाच सलाईन लावून आणलंय."

माझा राग या 'कमजोरी' शब्दावर आहे. आपल्या घरांत म्हाताऱ्या माणसाला चक्कर आली की हा शब्द चिकटवला जातो आणि चौकशी तिथेच थांबते. सलाईनने दोन दिवस बरं वाटतं, कारण अंगात पाणी आणि मीठ जातं. ते कमी का झालं होतं, हे मात्र कोणी विचारत नाही.

आपण उभे राहिलो की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांत आणि पोटात उतरतं. मानेतल्या धमन्यांमधल्या संवेदक नसांना दाब कमी झाल्याचं कळतं. मग काही सेकंदांत हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि मेंदूला रक्त पोहोचत राहतं. वय वाढलं किंवा जुन्या डायबेटिसने नसा खराब झाल्या की ही यंत्रणा मंदावते. अंगात पाणी कमी असेल तर तिच्या हाताशी भांडवलच उरत नाही. सजद्यातून झटकन उभं राहताना अनेक बुजुर्गांचा तोल जातो, त्यामागेही बहुतेकदा हेच असतं.

अब्बांच्या गोळ्यांचा डबा मी जमिनीवर ओतला. सकाळची बीपीची गोळी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड अशी जोडगोळी होती. यातलं दुसरं औषध लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढतं. हिवाळ्यात ते चालून जातं, पण मेच्या उन्हात घामावाटेही तेच जात असतं. रात्री प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन होतं. ते मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतं आणि थोड्या प्रमाणात रक्तवाहिन्याही. दोन औषधं दोन वेगळ्या डॉक्टरांनी दिलेली, आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिलेली नव्हती. त्यात रात्री लघवीला उठावं लागू नये म्हणून अब्बा संध्याकाळनंतर पाणीच पीत नव्हते.

बीपीचं मशीन घरात होतं, पण नेहमी खुर्चीत बसवूनच मोजलं जायचं. मी त्यांना पाच मिनिटं आडवं झोपवून मोजलं: १३८/८२. उभं केलं, एक मिनिटाने ११४/७२, तीन मिनिटांनी १०८/७०. पडतील म्हणून भाऊ शेजारी उभा होता. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर तो दोष मानतात. इथे वरचा ३० ने उतरला होता. खुर्चीतला आकडा मात्र ठणठणीत!

गोळी मी बंद केली नाही. तो मोह अनेकांना होतो आणि तो घातक आहे, कारण अचानक गोळी सोडल्यावर वाढलेलं बीपी पक्षाघातापर्यंत नेऊ शकतं. तीन दिवसांचे झोपून आणि उभं राहून घेतलेले आकडे कागदावर लिहिले, सगळ्या गोळ्या पिशवीत घातल्या आणि गोंदियाला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जोडगोळीतलं पाणी काढणारं औषध थांबवलं, टेल्मिसार्टन ठेवलं. टॅम्सुलोसिनला हात लावला नाही. एका वेळी एकच बदल, म्हणजे फरक कशाने पडला ते कळतं (आम्ही सॉफ्टवेअरमधली चूक शोधतानाही हेच करतो). पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं ठरलं. ज्यांचं हृदय किंवा किडनी कमजोर आहे त्यांनी पाण्याचं आणि मिठाचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारावं.

उठायची पद्धतही बदलली. आधी खाटेवर बसून पाय खाली सोडायचे, पोटऱ्या आवळायच्या, मिनिटभर थांबून मग उभं राहायचं. रात्री लघवी बसून करायची. नमाज खुर्चीवर पढायला अब्बा आधी तयार नव्हते. आजारी माणसाला बसून नमाजची आणि रोजा पुढे ढकलण्याची मुभा दीनमध्येच आहे, हे त्यांना इमामसाहेबांनी सांगितल्यावर पटलं. दोन आठवड्यांनी अम्मीने फोनवर आकडे वाचून दाखवले: झोपून १४०/८४, उभं राहून १३०/८०.

सगळ्याच चकरा अशा नसतात. बसल्या-बसल्या किंवा चालता-चालता शुद्ध हरपली, छातीत दुखलं, धडधडलं, किंवा शौच काळी डांबरासारखी झाली तर मोजत बसू नका. ते हृदयाचं किंवा पोटातल्या रक्तस्रावाचं असू शकतं, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आपल्या मोहल्ल्यांत आरोग्य शिबिरं होतात. रांगेत खुर्ची, बीपी, शुगर, पुढचा. साठीच्या पुढच्या प्रत्येकाचं बीपी तिथे उभं राहूनही मोजलं जावं, आणि येताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा असं जुम्याला जाहीर केलं जावं, एवढी माझी मागणी आहे. माणसामागे पाच-दहा मिनिटं जास्त लागतील. त्यासाठी एक जास्तीची खाट आणि शेजारी उभे राहणारे दोन तरुण पुरतील.