दोन प्रश्नांचा एकच नकाशा

क्षेत्रघनी नकाशा तुम्ही भूगोलाच्या वहीत रंगवला असेल. त्यात गरिबी आणि शाळेचे अंतर या दोन्ही गोष्टी एकदम दाखवता येतील काय? येतील; पण रंग मोजकेच हवेत. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या जनगणना खात्याने असे नकाशे सोळा रंगांत छापले. ते वाचताना लोक अडखळतात, असे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले.

माझ्या मते चार छटा पुरेत. आपली उंद्री चिखली तालुक्यात. बुलढाणा जिल्ह्यात असे १३ तालुके आहेत. प्रत्येकासाठी दोन टक्केवाऱ्या काढा : गरीब कुटुंबांची, आणि ३ किलोमीटरच्या आत उच्च प्राथमिक शाळा नसलेल्या मुलांची. गरिबी अधिक तेथे गुलाबी रंग द्या, शाळा दूर तेथे निळा. दोन्ही असतील तेथे एकावर एक रंग चढून आपोआप जांभळा होईल. दोन्ही नसतील तो तालुका कोरा. सूचीतील चार चौकटींत आकडे न घालता साधे शब्द लिहा : ‘गरिबी अधिक, शाळाही दूर’.

परंतु ‘अधिक’ म्हणजे किती? तालुके चढत्या क्रमाने मांडून सातव्यावर रेघ ओढली, तर सर्वत्र सुधारणा झाली तरी वरचे सहा रंगलेलेच राहतील! म्हणून रेघ आधी ठरवा, समजा दहा टक्के, आणि ती सूचीखाली छापा.

एक मात्र विसरू नका. कोऱ्या तालुक्यातही एखादी वस्ती शाळेपासून दूर असू शकते; तालुक्याची सरासरी तिला झाकून टाकते. शाळा कोठे काढावी हे ठरवायचे, तर नकाशा गाववारच हवा.