प्रमाणपत्र भिंतीवर, औषध गटारात

नौपाड्यात पडद्याच्या कापडाची दुकाने काही कमी नाहीत. त्यातल्या कुठल्याही दुकानात जा आणि विचारा, हे कापड आगीला टिकेल का? उत्तर ठरलेले आहे : "साहेब, फायर रिटार्डंट आहे, बिनधास्त न्या." हे औषध कोणते, कापडात किती, किती धुण्यांपर्यंत टिकते, असे पुढचे तीन प्रश्न विचारा. मग दुकानदार पंख्याकडे बघू लागतो. दुकानदाराला आम्ही दोष देत नाही. ज्यांनी हे तीन प्रश्न विचारायचे, त्यांनीच ते आजवर विचारलेले नाहीत. नाट्यगृहांचे व्यवस्थापन, मंगल कार्यालयांचे चालक, रुग्णालयांचे विश्वस्त आणि त्यांच्या कागदांवर शिक्के मारणारे अधिकारी या सगळ्यांना एकदा सरळ विचारायची वेळ आली आहे : तुमच्या पडद्यात आज औषध शिल्लक आहे काय?

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या त्या वास्तूतला रंगमंच, खुर्च्या आणि छत पाहता पाहता राख झाले. महाराष्ट्र हळहळला, निधी जाहीर झाले. पण त्या आठवड्यात राज्यातल्या किती नाट्यगृहांनी आपल्या पडद्याची एक पट्टी कापून तिला काडी लावून पाहिली? मासुंदा तलावाकाठी 1978 पासून उभे असलेले आमचे गडकरी रंगायतन, ठाण्याचेच घाणेकर नाट्यगृह, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर, कल्याणचे अत्रे रंगमंदिर, सर्वांनाच हा प्रश्न आहे. तो आरोप नव्हे. पण ज्याला उत्तर देता येत नाही, त्याने तो आरोप समजायला हरकत नाही.

आधी एक गैरसमज मोडला पाहिजे. कापड जळते असे आपण म्हणतो, पण कापड स्वतः ज्वालेने जळत नाही. सुती पडद्याला काडी लागली की उष्णतेने त्यातले सेल्युलोज तुटते. तीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे त्यातून पेट घेणाऱ्या वाफा निघतात, त्या हवेत मिसळतात आणि पेटतात त्या वाफाच. त्या ज्वालेची धग परत कापडावर पडते, आणखी कापड तुटते, आणखी वाफा निघतात. चूल स्वतःच स्वतःला सरपण घालू लागते. पडदा उभा टांगलेला असेल तर ज्वाला वरच्या कापडाला आयतीच भाजत जाते, म्हणून जमिनीवर पडलेल्या चादरीपेक्षा टांगलेला पडदा कितीतरी झपाट्याने जातो. हे चक्र दोन ठिकाणी तोडता येते : वाफा तयार होण्याआधी कापडात, किंवा वाफा पेटत असताना ज्वालेत.

पहिली युक्ती दोनशे वर्षांची आहे आणि, ऐका, ती नाट्यगृहासाठीच शोधली गेली. फ्रान्सचा राजा अठरावा लुई याच्या सांगण्यावरून जोसेफ गे-लुसाक या रसायनशास्त्रज्ञाने नाट्यगृहातली कापडे आगीपासून कशी वाचवावीत याचा अभ्यास केला आणि 1821 मध्ये निष्कर्ष मांडले. त्याची द्रव्ये होती अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार. नवसागर कल्हईवाल्याकडचा, टाकणखार सोनाराकडचा. परग्रहावरून काही आणायचे नव्हते.

यातले फॉस्फेट काय करते ते नीट समजून घ्यावे, कारण सगळी मेख तिथे आहे. तापले की त्यातला अमोनिया उडून जातो आणि मागे फॉस्फरिक आम्ल उरते. हे आम्ल सेल्युलोजला तुटण्याची वाटच बदलायला लावते. पेटणाऱ्या वाफा व्हायच्या तापमानाच्या कितीतरी आधीच ते सेल्युलोजमधले पाणी ओढून बाहेर काढते. सेल्युलोजच्या एका कडीत सहा कार्बन, दहा हायड्रोजन आणि पाच ऑक्सिजन असतात. दहा हायड्रोजन आणि पाच ऑक्सिजन म्हणजे नेमके पाच रेणू पाणी. ते निघून गेले की मागे निव्वळ कोळसा. हिशेबच मांडा : 162 ग्रॅम सेल्युलोजमधून पूर्ण पाणी काढले तर 90 ग्रॅम वाफ होते आणि 72 ग्रॅम कोळसा उरतो. प्रत्यक्षात इतका चोख सौदा होत नाही, पण दिशा हीच. जे ज्वालेचे सरपण होणार होते त्याचा अर्धा भाग पाण्याची वाफ होऊन ज्वालेलाच पातळ करतो आणि उरलेला कापडावर काळी खपली होऊन बसतो. ती खपली धगही अडवते. म्हणून चांगल्या पडद्याला काडी लावली की भोवती काळा डाग पडतो, काडी काढताच ज्वाला मरते आणि डाग पुढे सरकत नाही.

आता घोळ पाहा. अमोनियम फॉस्फेट पाण्यात मिठासारखे विरघळते. विरघळते म्हणूनच ते कापडात भिजवून भरता येते आणि विरघळते म्हणूनच ते निघूनही जाते. रंगमंचाचा सुती मखमली पडदा चाळीस किलोचा धरा. त्याला वजनाच्या बारा टक्के औषध लावले तर सुमारे 4.8 किलो द्रव्य कापडात बसले. त्याचे बिल निघाले, प्रमाणपत्र आले, चौकटीत बसवून भिंतीवर लागले. दोन वर्षांनी धुळीने माखलेला पडदा कुणीतरी शहाण्याने धोबीघाटावर धाडला. पडदा स्वच्छ होऊन आला आणि ती पावणेपाच किलो सुरक्षा साबणाच्या पाण्याबरोबर गटारात गेली. प्रमाणपत्र मात्र भिंतीवर तसेच! चाळीस किलोचा सुका कापूस आता हजार माणसांच्या समोर टांगला आहे आणि कायद्याच्या लेखी तो अग्निरोधक आहे. ही फसवणूक कुणी जाणूनबुजून केली नाही, म्हणून ती कमी घातक ठरत नाही.

धुतलाच नाही तरी ठाण्याचा पावसाळा आहेच. ही क्षारद्रव्ये हवेतली ओल ओढून घेतात. पडदा दमट लागतो, सुकताना घड्यांवर पांढरी भुकटी उमटते, लोखंडी कड्या गंजतात. ती भुकटी झटकून टाकणारा सेवक आपण स्वच्छता करतो आहोत असे समजतो. त्याला कुणी सांगितलेच नाही की तो औषध झटकतो आहे.

धुण्याला टिकणारे उपाय नाहीत असे नव्हे. फॉस्फरसची काही संयुगे सुती धाग्याच्या आतच जाळे विणून बसवता येतात किंवा सेल्युलोजला रासायनिक गाठीने बांधता येतात. ती अनेक धुणी सोसतात. पॉलिएस्टरच्या काही जातींत तर फॉस्फरस धागा ओतण्याआधीच रेणूत गुंफलेला असतो, तो धुऊन जाईल कुठे? महाग पडते, हे खरे. पण बोअरवेलच्या जड पाण्याने धुतले तर पाण्यातले कॅल्शियम आणि साबणाचा मळ धाग्यावर बसून चांगल्या कापडाचीही माती होऊ शकते, हे पुरवठादार बिलावर छापत नाही.

मिश्र कापडाची गोष्ट तर सांगायलाच हवी, कारण अर्धे शहर त्याच्या भरवशावर आहे. साधे पॉलिएस्टर आचेपासून आकसते, वितळून थेंब होऊन खाली गळते आणि कधी कधी त्यामुळेच ज्वालेच्या तावडीतून सुटते. सुताबरोबर विणले की हा मार्ग बंद होतो. सूत जळून कोळशाचा सांगाडा होतो, वितळलेले पॉलिएस्टर दिव्याच्या वातीतल्या तेलासारखे त्या सांगाड्याला धरून जळत राहते. सुताला पुरेल एवढे औषध इथे पुरत नाही.

दुसरी युक्ती फोमची. नाट्यगृहाच्या खुर्च्या, घरातले सोफे आणि गाद्या पॉलियुरेथेनच्या. हा फोम सेल्युलोजसारखा सहजी कोळसा होत नाही, म्हणून लढाई ज्वालेतच नेतात. ज्वाला चालते ती हायड्रोजनच्या आणि हायड्रॉक्सिलच्या मोकाट मूलकांवर. एक हायड्रोजन ऑक्सिजनला भिडला की एकाचे दोन मूलक होतात, दोनाचे चार, आणि आग भडकते. ब्रोमीनयुक्त द्रव्य तापले की हायड्रोजन ब्रोमाइड सोडते. ते या मोकाटांना पकडून साधा हायड्रोजन आणि पाणी करून टाकते. उरलेला ब्रोमीन आसपासच्या इंधनातून हायड्रोजन घेऊन पुन्हा कामाला उभा राहतो. थोडक्या द्रव्यावर काम होते ते यामुळे. जोडीला अँटिमनी ऑक्साइड दिले की ब्रोमीन वाफ होऊन ज्वालेपर्यंत अधिक चांगला पोहोचतो.

पण फुकट काही नाही. कार्बन मोनॉक्साइडला जाळून निरुपद्रवी करणारा मूलक तोच, ज्याला आपण पकडला. म्हणून अशी दबलेली आग जळत राहिली तर जास्त काळा, जास्त विषारी धूर सोडते. 29 डिसेंबर 2017 रोजी मुंबईच्या कमला मिलमध्ये 14 माणसे गेली, ती बहुतेक गुदमरून. धूर हा आगीचा धाकटा भाऊ नव्हे, मारेकरी तोच आहे. शिवाय ही द्रव्ये फोमशी बांधलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात. वर्षानुवर्षे ती झिरपून घरातल्या धुळीत येतात आणि रांगत्या मुलाच्या हाताला लागतात. फोममध्ये सर्रास वापरला जाणारा पेंटा-बीडीई 2009 मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेला. कॅलिफोर्नियाने 1975 पासून उघड्या फोमला ज्वालेची परीक्षा लावली होती, ती 2013 मध्ये काढून धुमसत्या सिगारेटची परीक्षा कापडासकट लावली. तेव्हा कारखान्यांना औषध ओतण्याची सक्ती उरली नाही. आमच्या घरातल्या सोफ्यात औषधाचा पूर नको. हजार माणसे कोंडणाऱ्या सभागृहात मात्र ते हवे आणि जिवंत हवे. हा भेद न करता सरसकट 'एफआर' असा शिक्का मारणे हा निव्वळ आळस आहे.

महाराष्ट्राचा अग्निप्रतिबंधक कायदा 2006 चा. त्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत, वर्षातून दोनदा, यंत्रणा चालू असल्याचा 'नमुना ब' द्यायचा. पंप फिरतो, नळकांडी भरलेली आहेत, सही झाली. पडद्यांसाठी भारतीय मानकही आहे, आयएस 15741. ते कापड नवे असतानाचे. सहाव्या पावसाळ्यानंतर आणि तिसऱ्या धुण्यानंतरच्या पडद्याला कुणी वाली आहे का? आमची मागणी साधी आहे. प्रत्येक पडद्याच्या कडेला शिवलेली पट्टी असावी : औषध कोणते, कधी लावले, किती धुण्यांपर्यंत टिकेल, आजवर किती धुणी झाली. आणि 'नमुना ब' सोबत दर वर्षी काडीची परीक्षा.

ती करायला प्रयोगशाळा लागत नाही. पडद्याच्या खालच्या दुमडीतून दीड सेंटिमीटर रुंद, दहा सेंटिमीटर लांब पट्टी कापा. इमारतीबाहेर, पाण्याच्या बादलीवर, चिमट्यात उभी धरा. खालच्या टोकाला काडीची ज्वाला बारा सेकंद द्या आणि काढा. दोन सेकंदांत विझली आणि जळते थेंब गळले नाहीत तर ठीक. पट्टी वरपर्यंत पेटत गेली, तर त्या रात्रीचा प्रयोग रद्द करा, पडदा उतरवा आणि भिंतीवरची ती चौकटही खाली काढा. चिमटा मात्र ज्याने प्रमाणपत्रावर सही केली आहे, त्याच्याच हातात द्या.