फोनचा वेबकॅम: वायर की वाय-फाय?

लॅपटॉपचा कॅमेरा धूसर दिसतो किंवा डेस्कटॉपला तो मुळात नसतोच. अशा वेळी हातातला फोन कॉम्प्युटरला जोडून कॅमेरा म्हणून वापरता येतो, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. अडचण पुढे येते. चित्र मध्येच थांबतं, तुटतं आणि आपण सरळ इंटरनेटला दोष देऊन मोकळे होतो. खरं तर चित्र नेमकं कुठे अडतंय, हे दोन मिनिटांत कळू शकतं.

आमच्याकडे गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीची नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती. आदल्या दिवशी आम्ही तिचा अँड्रॉइड फोन आणि विंडोज लॅपटॉप ड्रॉइडकॅम या ॲपने जोडून पाहिला. हे ॲप फोनमध्ये आणि कॉम्प्युटरवर, दोन्हीकडे लागतं. आधी वाय-फायवर जोडलं. पुढच्या खोलीत राउटरजवळ चित्र छान होतं, पण मागच्या खोलीत ते अडखळायला लागलं.

याचं कारण सोपं आहे. वाय-फायवर चित्र आधी फोनकडून राउटरकडे जातं, मग राउटरकडून लॅपटॉपकडे येतं आणि मीटिंगसाठी लॅपटॉपकडून पुन्हा राउटरकडे जातं. म्हणजे एकच चित्र घरातल्या हवेतून तीनदा प्रवास करतं. जाड भिंत मध्ये आली की तिन्ही फेऱ्यांना त्रास होतो. वाय-फायच वापरायचं असेल, तर निदान लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडा. मग हवेतली एकच फेरी उरते. फोन आणि लॅपटॉप एकाच नेटवर्कवर हवेत. राउटरचं गेस्ट नेटवर्क सहसा जोडलेल्या उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाही, त्यामुळे तिथे ॲप जोडलंच जात नाही.

आम्ही वायर घेतली. फोन चार्ज व्हायला लागला, पण लॅपटॉपला तो दिसेना. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांच्यातून डेटा जात नाही. ओळखायची खूण अशी: केबल लावल्यावर फोनवर यूएसबीचे पर्याय दाखवणारी सूचना आली नाही, तर आधी केबल बदलून बघा. दुसऱ्या केबलने काम झालं. मात्र त्यासाठी फोनच्या डेव्हलपर सेटिंगमध्ये USB debugging चालू करावं लागतं. काम झाल्यावर ते आठवणीने बंद करा.

तुमच्या फोनमध्ये अँड्रॉइड १४ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल, तर आधी यूएसबीच्या त्या सूचनेत Webcam हा पर्याय आहे का ते बघा. सगळ्या कंपन्यांनी तो दिलेला नाही. पण असेल तर कुठलंही ॲप लागत नाही, कॉम्प्युटर फोनला साधा वेबकॅम समजतो. आयफोन आणि मॅक असेल तर आणखी सोपं. आयफोन एक्सआर किंवा त्यानंतरचा फोन, आयओएस १६ आणि मॅकओएस व्हेंच्युरा किंवा पुढचं असलं, की वायरने किंवा वायरशिवाय फोन थेट कॅमेऱ्यांच्या यादीत येतो.

आता ती दोन मिनिटांची चाचणी. मीटिंग सुरू करायच्या आधी विंडोजचं Camera ॲप उघडून त्यात फोनचा कॅमेरा निवडा आणि हात हलवून बघा. इथेच चित्र अडखळत असेल तर दोष फोन, जोडणी किंवा उजेडात आहे, इंटरनेटचा इथे संबंधच नाही. इथे चित्र सुरळीत आहे आणि समोरच्याला मात्र तुटक दिसतंय, तर इंटरनेटकडे बघा.

उजेडाचं नाव घेतलं, कारण तो पटकन लक्षात येत नाही. अंधुक खोलीत कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ घेतो, त्यामुळे सेकंदाला चित्रं कमी होतात आणि हललेला हात पुसट दिसतो. वायर असूनही संध्याकाळी आमचं चित्र असंच झालं होतं. टेबल फिरवून बहिणीचं तोंड खिडकीकडे केलं आणि दिवा लावला, की लगेच सुधारलं. दिव्याखाली आडवे पट्टे सरकताना दिसले तर ॲपमध्ये ५० हर्ट्झचा पर्याय निवडा, आपल्याकडची वीज तेवढ्याच हर्ट्झची आहे.

शेवटची गोष्ट उष्णतेची. चार्जिंग आणि कॅमेरा एकत्र चालले की फोन तापतो, आणि तापलेला फोन स्वतःच वेग कमी करतो. कव्हर काढा, स्क्रीनचा उजेड कमी करा आणि ॲपमध्ये ७२०पी निवडा, मुलाखतीला तेवढं भरपूर होतं. मुलाखत तासभर चालणार असेल तर चाचणीही तासभर करा. पाच मिनिटांत उत्तम दिसणारा फोन चाळिसाव्या मिनिटाला तापतो, आणि तेव्हा समोर मुलाखत घेणारे बसलेले असतात.