तिकिटालाही असतो देश!

लंच ब्रेकमध्ये फ्लाइट्स शोधणाऱ्या मंडळींना हा अनुभव नवा नाही. सगळं तेच असतं, विमान, तारीख आणि वेळसुद्धा. पण बुकिंग साइटच्या कोपऱ्यात असलेला देश बदलला, की भाडंही बदलतं. मग ऑफिसमधला एखादा एक्स्पर्ट छातीठोक सांगतो, ‘‘अरे, कुकीज उडव, स्वस्त दिसेल!’’ पण खरी गंमत कुकीजमध्ये नाही, ‘पॉइंट ऑफ सेल’मध्ये आहे. म्हणजे तिकीट कोणत्या देशात विकलं गेलं, त्यात.

एअरलाइन एका मार्गासाठी एकच भाडं ठरवत नाही, डझनावारी ठरवते. प्रत्येकाबरोबर नियमांचं एक पान असतं. बॅग किती, रद्द केलं तर काय आणि हे भाडं कुठे विकायचं, हे सगळं त्यात येतं. एखाद्या भाड्यावर ‘फक्त चिलीत विक्री’ अशी अट असली, तर ते भारतावर सेट केलेल्या साइटला मिळतच नाही. साइट त्याच्या वरचं भाडं दाखवते.

चिलीचंच उदाहरण घेऊ. सांतियागोहून देशाच्या दक्षिण टोकाला असलेल्या पुंता अरेनासला जायचंय. हिशेब सोपा राहावा म्हणून समजा, एका रुपयाला 10 पेसो मिळतात. भारताच्या पानावर तिकीट 10,400 रुपये आहे आणि चिलीच्या पानावर 90,000 पेसो, म्हणजे 9,000 रुपये. तुमच्या कार्डाचा फॉरेन करन्सी मार्कअप साडेतीन टक्के असेल, तर 315 रुपये गेले. त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी साधारण 57. एकूण झाले 9,372. तरीही हजारभर रुपये वाचले की!

पण थांबा, ‘पे नाऊ’वर क्लिक करायच्या आधी बॅग बघा. चिलीच्या पानावरचं भाडं बिनबॅगेचं असलं आणि बॅगेला 25,000 पेसो वेगळे पडत असले, तर सौदा उलटा पडला. तिकीट तेच आहे की नुसतं विमान तेच आहे, हे ओळखायची खूण म्हणजे फेअर रूल्समध्ये दिसणारा अक्षर-आकड्यांचा फेअर बेसिस कोड. दोन्ही पानांवर कोड वेगळा असेल, तर ती दोन वेगळी भाडी आहेत, अटी वाचल्याशिवाय तुलना करू नका. कोड तोच असून रक्कम वेगळी असेल, तर फरक बहुधा चलनाच्या दराचा, राउंडिंगचा किंवा साइटच्या फीचा असतो.

दुसरा सापळा रहिवासी भाड्याचा. काही देशांत देशांतर्गत विमानांची स्वस्त भाडी तिथल्या रहिवाशांपुरतीच असतात. स्क्रीनवर ती बिनधास्त बुक होतात, पण चेक-इनला स्थानिक ओळखपत्र मागितलं की फरकाची रक्कम भरावी लागते. आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडेही एकेकाळी इंडियन एअरलाइन्सची परदेशी पाहुण्यांसाठी डॉलरमधली वेगळी, महागडी भाडी होती. युरोपियन युनियनने मात्र 2008च्या नियमावलीत तिथल्या विमानतळांवरून निघणाऱ्या प्रवासासाठी युनियनमधल्या ग्राहकांत राष्ट्रीयत्व किंवा राहण्याच्या जागेवरून भाड्यात भेदभाव करायला बंदी घातली.

आता प्रश्न असा, की मुंबई-लंडनचं तिकीट ब्रिटनच्या साइटवर घ्यायचं का? इथे फार आशा ठेवू नका. आंतरराष्ट्रीय भाडं सहसा प्रवास जिथून सुरू होतो, त्या देशाच्या बाजारपेठेनुसार ठरतं. मुंबईहून निघणारं तिकीट पौंडांत पाहिलं, तरी मुळात ते भारतातलं भाडं असतं, फक्त रूपांतर केलेलं. त्यात कार्डाचा मार्कअप मिळवला, की वाचलेलं बरेचदा तिथेच संपतं. देश बदलून बघण्यात खरा अर्थ आहे तो परक्या देशातल्या अंतर्गत प्रवासासाठी.

पैसे भरताना पानाने ‘रुपयांत भरायचे का?’ असं प्रेमाने विचारलं, तर नको म्हणा. तो दर त्यांनी लावलेला असतो आणि तो सहसा कार्डाच्या दरापेक्षा महाग पडतो. स्थानिक चलनच निवडा. कार्डावर परदेशी व्यवहार आधीच सुरू करून ठेवा. काही साइट्स भारतीय कार्ड घेतच नाहीत, हेही लक्षात असू द्या.

आणि प्लॅन डळमळीत असेल, तर घरचीच साइट बरी. तिकीट रद्द झालं, तर रिफंड पेसोत येतो, त्या दिवशीच्या दराने. मार्कअप परत मिळेलच असं नाही. तारीख बदलायचा फोनही कदाचित स्पॅनिशमध्ये करावा लागेल. वाचलेल्या हजार रुपयांत तेवढं जमणार असेल, तर खुशाल चिलीचा झेंडा निवडा!