थांबवणारं मशीन, सुरू करणारा माणूस

आमच्या मामूंची बेकरी आहे आणि तिच्या सोशल मीडियाचं काम माझ्याकडे. आठवड्याच्या पोस्ट रविवारी बसून तयार करतो, वेळ लावून ठेवतो, मग मोकळा. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली. सकाळी टीव्हीवर चिखलात गाडलेली घरं दिसत होती आणि आमची आठची पोस्ट रांगेत होती. "पाऊस एन्जॉय करा, गरमागरम चहा आणि आमची खारी!" ती मी साडेसातला हाताने काढली. त्या दिवशी लवकर जाग आली म्हणून, दुसरं काही नाही.

तेव्हा माझ्याकडे आपोआप थांबवण्याचा नियम नव्हता असं नाही. होता. ठरावीक शब्द बातम्यांमध्ये एकदम वाढले की सगळी रांग थांबायची. शब्द मात्र मी कुठूनतरी उचललेले होते: हल्ला, स्फोट, भूकंप आणि त्यांचे इंग्रजी भाऊबंद. त्यात 'दरड' नव्हता. कोकणात आणि सह्याद्रीत दर पावसाळ्यात माणसं कशाने मरतात हे त्या यादीला ठाऊकच नव्हतं. 'दरड' घातला, 'चेंगराचेंगरी' घातला. हिंदी बातम्यांसाठी 'धमाका'सुद्धा घातला आणि पस्तावलो. मराठीत दर दिवाळीला सेलचा धमाका असतो, त्यामुळे नियम दुकानांच्या जाहिराती वाचून थांबायला लागला. आता एकटा शब्द चालत नाही. सोबत 'मृत्यू', 'ठार' किंवा 'जखमी' यांपैकी एक हवा आणि दोन वेगवेगळ्या बातमीदारांकडे ते दिसायला हवं.

एका मित्राने यादीत 'दर्गा' आणि 'मुस्लिम' घालायला सुचवलं, म्हणजे दंगल झाली तर कळेल. मी नाही घातले. आमचं नाव हीच आपत्ती मानणारं मशीन मला नको. शिवाय उरुसाच्या बातम्या आल्या की ईदच्या शीरखुर्म्याची पोस्ट अडकायची.

पण यादी कितीही सुधारली तरी एक जागा उघडीच राहते. 2013 च्या जानेवारीत आयर्लंडच्या अन्नसुरक्षा संस्थेने जाहीर केलं की बीफ म्हणून विकलेल्या बर्गरमध्ये घोड्याचा डीएनए सापडला. टेस्को या सुपरमार्केटच्या एका बर्गरमध्ये तर घोड्याचं मांस 29 टक्के होतं. अनेक नमुन्यांत डुकराचाही डीएनए निघाला, म्हणजे तिथल्या आपल्या लोकांवर काय गुदरलं असेल ते सांगायला नको. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी टेस्कोच्या ग्राहकसेवेच्या खात्यावरून ट्वीट गेलं: झोपायची वेळ झाली, आता आम्ही 'हिट द हे' करतो. इंग्रजीत याचा अर्थ अंग टाकणे, पण 'हे' म्हणजे वाळलेलं गवत, घोड्याचा चारा. लोकांना वाटलं कंपनी थट्टा करते आहे. टेस्कोने माफी मागून सांगितलं की हे ट्वीट प्रकरण कळण्याआधीच वेळ लावून ठेवलेलं होतं.

यात कुठलाही दुःखद शब्द नाही, कुणी मेलं नाही. माझी यादी इथे हूंकी चूं करणार नाही. शिवाय घाईसुद्धा नव्हती, बातमी दोन-तीन दिवस पहिल्या पानावर होती. रांग उघडून बघणं हे कुणाचंच काम नव्हतं, एवढंच. म्हणून दुसरा नियम आपल्याच नावावर लावावा लागतो. बेकरीचं नाव रोज पाच-सात वेळा कुणी घेतं. एका तासात चाळीस वेळा घेतलं गेलं की रांग थांबते आणि मला व मामूंना मेसेज येतो. कधी ते कौतुकही असतं. असू दे. खारीची एक पोस्ट उशिरा गेल्याने कुणाचं बिघडत नाही.

माझं मत इथे पक्कं आहे: थांबवायचं काम मशीनचं, सुरू करायचं माणसाचं. "24 तासांनी आपोआप चालू" ही सोय मी बंद ठेवतो. ढिगाऱ्याखाली शोध किती दिवस चालेल हे घड्याळ ठरवत नाही. मशीनने लिहिलेली श्रद्धांजलीही नको. मौन आपोआप चालतं, दुःख नाही.

सुरू करतानाची फसगत वेगळी. थांबलेल्या काळात ज्यांची वेळ टळली त्या पोस्टचं पुढे काय होतं हे प्रत्येक टूलमध्ये सारखं नसतं, म्हणून एका रिकाम्या खात्यावर आधी करून बघावं. नाहीतर चार दिवसांचं "शुभ सकाळ" एका मिनिटात जायचं. आणि रांग थांबली म्हणजे सगळं थांबलं असंही नाही. पैसे भरलेली जाहिरात वेगळ्या पानावरून चालते, व्हॉट्सअॅपचं आपोआप उत्तर तिसरीकडून. आमचं ते उत्तर "हसत राहा, गोड खात राहा" असं होतं. मामूंनी ते बदलून फक्त दुकानाची वेळ ठेवली आहे.