एका कवितेवरचा शिक्का

गेले दोन महिने एक कथा लिहितोय. बोईसरची एक मुलगी, बारावीतली. घर चिंचणीच्या बाजूला, घरात वाडवळी बोलतात. वडील तारापूर एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात, रात्रपाळीला. पोरीने त्यांच्या रात्रपाळीवर एक कविता केली आणि स्पर्धेला पाठवली. आठ दिवसांनी उत्तर आलं: 'प्राथमिक छाननीत आपली रचना यंत्रनिर्मित आढळल्याने बाद.' बस्स. खाली सहीसुद्धा नाही.

परवा लोकलमध्ये एका मित्राला हे वाचून दाखवलं. उमरोळी जाईपर्यंत तो शांत होता. पालघरला दारापाशी उठून उभा राहताना म्हणाला, "अरे, शेवटी तिने सिद्ध करून दाखवायला पाहिजे ना, की कविता तिचीच आहे!"

आणि नेमकं तिथेच माझं घोडं अडलंय. सिद्ध कसं करायचं?

ही छाननी नेमकं करते काय, ते आधी बघू. कविता कोणी लिहिली हे तिला कळत नसतं. यातली बरीच यंत्रं एक एक शब्द वाचत 'पुढचा शब्द कोणता येईल' याचा अंदाज बांधतात. अंदाज वारंवार बरोबर आला, की मजकुरावर संशय. काही यंत्रं वाक्यांची लांबीही बघतात. माणसाची वाक्यं लहानमोठी असतात, सगळी सारखी निघाली की पुन्हा संशय.

आता आमच्या पोरीची कविता घ्या. अष्टाक्षरी, बारा ओळी. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, हा छंदाचाच नियम! यमक जुळवायचं म्हणजे ओळीचा शेवट निम्मा ठरलेलाच. त्यात शाळेतल्या बाईंनी सांगितलं म्हणून तिने घरचे वाडवळी शब्द काढून पुस्तकी मराठी घातली. म्हणजे तिने जे जे 'नीट' केलं, ते ते यंत्राच्या लेखी संशयाचं. चुका ठेवल्या असत्या तर कदाचित सुटली असती.

हे मी हवेत बोलत नाही. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ निबंध अशा सात यंत्रांना दिले. माणसांनी लिहिलेले निबंध, तरी सरासरी साठ टक्क्यांहून जास्त वेळा यंत्रनिर्मित ठरले. साधे, ओळखीचे शब्द, हाच गुन्हा. मग त्यांनी तेच निबंध चॅटजीपीटीकडून भारदस्त शब्द घालून घेतले, तर बहुतेक निर्दोष सुटले. खोटं वाटेल, पण यंत्राचा हात फिरल्यावर ते माणसाचे ठरले!

दुसरी गोष्ट हिशेबाची. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असं एक ओळखयंत्र काढलं होतं. इंग्रजी मजकुराच्या त्यांच्याच चाचणीत त्याने यंत्राचं शंभरातलं २६ पकडलं आणि माणसाच्या शंभरातल्या ९ मजकुरांवर खोटा आळ घेतला. आता समजा, स्पर्धेला हजार कविता आल्या आणि त्यात पन्नास यंत्राच्या आहेत. पन्नासातल्या तेरा सापडतील. उरलेल्या साडेनऊशेपैकी पंच्याऐंशी मात्र फुकट बदनाम होतील. म्हणजे शिक्का बसलेल्या दर आठ कवितांमागे सात निरपराध. कमी अचूक म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी ते बंद केलं. हजार चिन्हांपेक्षा छोट्या मजकुराला आणि इंग्रजीबाहेर ते वापरू नका, असंही त्यांनी बजावलं होतं. बारा ओळींच्या अष्टाक्षरीत अक्षरं किती? शहाण्णव! काना-मात्रा सुट्या मोजल्या तरी हजार होत नाहीत.

पुढे नवी यंत्रं आली, ती बरी असतीलही. पण मूळ अडचण तीच. यंत्र आकडा देतं, पुरावा देत नाही. शब्दचोरी पकडली तर मूळ कविता समोर ठेवता येते, 'ही बघ, इथून घेतलीस.' इथे समोर ठेवायला काहीच नाही. मग खोडून काढायचं तरी काय?

मित्र म्हणाला होता, "वही दाखव म्हणावं, खाडाखोडीची." पण आमच्या पोरीकडे वही नाही. बाबांचा डबा भरता भरता तिने ओळी तोंडात घोळवल्या आणि मोबाईलवर टाइप केल्या. जात्यावर ओवी रचणाऱ्या बायकांकडे तरी कुठे कच्चा मसुदा होता?

माझं मत विचाराल, तर आयोजकांनी शंका आली की फोन करावा. दहा मिनिटं बोलावं. 'हा शब्द इथे का?' विचारावं. जिने लिहिलंय ती सांगेल, बाईंनी कुठला शब्द काढायला लावला तेही सांगेल. हजार जणांना नाही, शिक्का बसलेल्या शे-सव्वाशेंनाच करायचा आहे. तेवढं जमत नसेल तर शिक्का मारू नये. एखादी यंत्राची कविता बक्षीस घेऊन गेली तरी मला चालेल. 'तुझी कविता तुझी नाही' हे सतराव्या वर्षी ऐकणं मात्र...

असो. कथेत सध्या ती कविता उघडून बसलीय. बाईंनी काढायला लावलेला एक शब्द तिने परत घातला आणि अक्षरं मोजली. नऊ भरली. छंद मोडतोय. ठेवावा की काढावा, तिला कळत नाहीये. मलाही नाही.