शहराचं नाव बदललं, मॉडेलला कुणी सांगितलं?

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने औरंगाबादच्या नामांतराला मंजुरी दिली आणि सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचं नावही बदललं. पाट्या आणि शिक्के बदलले. पण कर्जाच्या अर्जांची जोखीम मोजणाऱ्या मॉडेलकडे ढुंकूनही न पाहणारी एक वित्त कंपनी मी जवळून पाहिली आहे. सर्व्हर चालू आहे, उत्तर झटपट येतंय, डॅशबोर्ड हिरवा आहे, एवढ्यावर तिथले साहेब समाधानी. ही देखरेख नव्हे. मशीन चालू आहे एवढंच त्यातून कळतं. ते काय बरळतंय हे कळत नाही.

आत काय घडतं ते पाहा. अशा मॉडेलमध्ये बहुधा प्रत्येक ओळखीच्या शहराला एक रकाना असतो. अर्जदाराच्या शहराच्या रकान्यात १, बाकी सगळीकडे ०. प्रशिक्षणाच्या वेळी नसलेलं नाव आलं तर काय करायचं, हे कुणीतरी एका ओळीत ठरवून टाकलेलं असतं:

```python
OneHotEncoder(handle_unknown="ignore")
```

म्हणजे नाव अनोळखी असेल तर सगळे रकाने शून्य. प्रोग्राम थांबत नाही, तक्रार करत नाही. सिडकोतला अर्जदार ‘छत्रपती संभाजीनगर’ लिहितो आणि मॉडेलच्या लेखी तो कुठलाच राहत नाही. तरीही त्याला गुण मिळतात आणि त्या गुणांवर त्याचं कर्ज ठरतं.

दुसरा घोटाळा याहून वाईट. बिहारमध्येही औरंगाबाद आहे, पिनकोड ८२४१०१. आपल्याकडचे लोक नवं नाव लिहू लागले तसा जुन्या ‘औरंगाबाद’ रकान्यात बिहारचा वाटा वाढत गेला. रकाना तोच, त्यातली माणसं वेगळी. आपल्या शहराच्या परतफेडीवर शिकलेलं वजन आता दुसऱ्या राज्यातल्या लोकांना लावलं जातं.

हे पकडणं अवघड नाही. प्रशिक्षणातलं प्रमाण आणि आजचं प्रमाण शेजारी ठेवून PSI काढायचा: प्रत्येक गटासाठी (आजचं − तेव्हाचं) × ln(आजचं ÷ तेव्हाचं), आणि सगळ्यांची बेरीज. समजा, तेव्हा १२ टक्के अर्ज ‘औरंगाबाद’चे होते; आज ५ टक्के त्या नावाचे आणि ७ टक्के अनोळखी नावाचे आहेत. पहिल्या गटाचे ०.०६ होतात. अनोळखी गट तेव्हा शून्य होता. शून्याने भागता येत नाही म्हणून ०.०००१ धरला, तर त्याचे एकट्याचे ०.४६. बेरीज ०.५२. प्रचलित संकेतानुसार ०.२५ च्या वर धोका. शून्याऐवजी ०.००१ धरलं तर बेरीज ०.३५ वर येते, म्हणून आकड्याला देव मानू नका. अनोळखी नावांची टक्केवारी रोज वेगळी पाहा. ती या प्रकरणात PSI पेक्षा लवकर बोलते.

आणि इथेच मंडळी दुसऱ्या टोकाला जातात: “ड्रिफ्ट आला, रीट्रेन करा!” थांबा. इथे माणसं बदललेली नाहीत, फक्त त्यांच्या गावाचं नाव बदललंय. जुनं-नवं नाव, ‘संभाजीनगर’, ‘छ. संभाजीनगर’ ही सगळी रूपं पिनकोडच्या आधारे एका संकेतांकाखाली आणायची. बिहारचं औरंगाबादही त्यानेच वेगळं होतं. हे न करता रीट्रेन केलंत तर अनर्थ होईल. नव्या नावाखाली सगळी ताजी कर्जं आहेत. ती थकायला अजून वेळच मिळालेला नाही, म्हणून नवं नाव सुरक्षित दिसेल. थकलेली जुनी खाती जुन्या नावावर. मग एकाच गल्लीतल्या दोघांना, केवळ शहराचं नाव कसं लिहिलं यावरून, वेगळे गुण मिळतील. हा अन्याय आहे आणि तो तुमच्या आळसातून जन्मलेला आहे.

रीट्रेन करायचं ते नावं जुळवल्यावरही अंदाज आणि वास्तव फाटत असेल तर. ज्या १,००० कर्जांना मॉडेलने ८ टक्के जोखीम सांगितली, त्यांतली सुमारे ८० थकायला हवीत. ९० थकली तर तो योगायोग असू शकतो. १३० थकली तर उत्पन्न आणि परतफेडीचं नातंच बहुधा बदललंय. नव्या नोंदी घेऊन मॉडेल पुन्हा शिकवा. मात्र हप्ता चुकल्यापासून कर्ज थकीत ठरायला ९० दिवस लागतात, तोवर पहिल्या हप्त्यांच्या चुकांवर डोळा ठेवा. आणि ज्यांना कर्ज नाकारलं त्यांनी ते फेडलं असतं का, हे या हिशेबात कधीच दिसत नाही, हेही विसरू नका.

उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर. मॉडेल चालवणाऱ्यांनो, आजच्या अर्जांत अनोळखी शहरांचं प्रमाण किती, हे आजच काढा. आणि अनोळखी शहर म्हणून ज्यांना चुकीचे गुण मिळाले, त्यांचे अर्ज पुन्हा तपासा.